मोजावा न लागणारा कोपरा: ऑब्जेक्ट स्नॅप आणि पोलर ट्रॅकिंग

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पत्रा कापून देणाऱ्या कारखान्यांसाठी मी ड्रॉइंग काढून देतो, आणि त्या निमित्ताने नुकतीच आयटीआय करून आलेली मुले माझ्याकडे काही महिने शिकायला बसतात. त्यांचा पहिला अडसर जवळजवळ नेहमी एकच असतो. समोर कागदावर एका प्लेटचे हाताने काढलेले चित्र असते, त्यावर काही मापे लिहिलेली असतात, आणि एका कोपऱ्यापाशी येऊन मुलगा विचारतो, "सर, या कोपऱ्याचा एक्स किती टाकायचा?" त्या कोपऱ्याचा एक्स कागदावर कुठेच दिलेला नसतो, आणि तो काढावा लागू नये अशीच ऑटोकॅडमध्ये सोय असते. ती सोय नेमकी कशी चालते आणि कुठे फसवते, हे त्याच प्लेटवर समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्लेट अशी आहे. डावी उभी कड १२० मिलिमीटर, खालची आडवी कड १८० मिलिमीटर, उजवी उभी कड ४० मिलिमीटर. उजव्या कडेच्या वरच्या टोकापासून एक तिरकी कड आडव्याशी ३० अंशांचा कोन करून डावीकडे वर चढते आणि डाव्या कडेच्या माथ्याइतक्या उंचीवर थांबते. तिथून वरची छोटी आडवी कड डाव्या माथ्याला येऊन मिळते. वरच्या कडेची लांबी कागदावर दिलेली नाही, कारण ती बाकीच्या मापांवरून आपोआप ठरते. कॅल्क्युलेटर घेतला तर चढ १२० वजा ४० म्हणजे ८० मिलिमीटर, त्याला ३० अंशांच्या टॅनने भागले की १३८.५६४ मिलिमीटर आडवे अंतर, आणि ते १८० मधून वजा केले की वरची कड ४१.४३६ मिलिमीटर. हा आकडा इथे संपत नाही, दशांश चिन्हानंतर तो पुढे चालूच राहतो. मुलगा ४१.४४ टाइप करतो, कोपरा चार हजारांश मिलिमीटरने सरकतो आणि तिरकी कड नेमकी ३० अंशांची राहत नाही. एका प्लेटवर एवढ्याने काही बिघडणार नाही, परंतु पुढची भोके आणि पुढच्या कडा याच ढोबळ केलेल्या आकड्यावरून मोजल्या की चूक साठत जाते, आणि ती नेमकी कुठून शिरली हे नंतर शोधता येत नाही.

येथे स्नॅप म्हणजे काय, हे थोडे थांबून समजून घ्यावे लागते. पडद्यावर ४०० मिलिमीटर रुंदीचा भाग १६०० पिक्सेलांत दिसत असेल, तर एक पिक्सेल पाव मिलिमीटरचा झाला. डोळ्यांनी अंदाज घेऊन कितीही सावकाश क्लिक केले, तरी त्याहून बारीक अचूकता हाताला मिळूच शकत नाही. ऑब्जेक्ट स्नॅप चालू असताना मात्र कर्सर एखाद्या रेषेच्या टोकाजवळ गेला की प्रोग्रॅम कर्सरची जागा बाजूला ठेवतो आणि त्या टोकाचे फाइलमध्ये साठवलेले निर्देशांक सगळ्या दशांशांसकट जसेच्या तसे उचलतो. आपण दाखवतो फक्त रोख, आकडा आधीच्या वस्तूकडून येतो. म्हणूनच दोन रेषा "जवळजवळ" मिळणे आणि दोन रेषांचे टोक "तेच" असणे यांत फरक पडतो, मग पडद्यावर दोन्ही चित्रे अगदी सारखी दिसत असली तरी.

कोणता बिंदू पकडला जाणार आहे, हे क्लिक करण्याआधीच एका छोट्या खुणेने कळते. टोकासाठी चौकोन, मध्यबिंदूसाठी त्रिकोण, वर्तुळाच्या केंद्रासाठी लहान वर्तुळ आणि छेदनबिंदूसाठी फुली दिसते. खूण पाहिल्याशिवाय क्लिक करायचे नाही, ही सवय मी पहिल्याच दिवशी लावतो. कायम चालू राहणारे स्नॅप `DSETTINGS` या आज्ञेने उघडणाऱ्या चौकटीत निवडता येतात आणि F3 या कळीने एकदम चालू-बंद करता येतात. या प्लेटसाठी एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर आणि इंटरसेक्शन हे चार पुरेसे आहेत. उरलेल्यांची गरज क्वचित पडते, आणि तेव्हा शिफ्ट धरून उजवे बटण दाबले की फक्त त्या एका क्लिकपुरता हवा तो स्नॅप मिळतो.

स्नॅप फक्त आधीपासून असलेला बिंदू पकडतो. आपल्याला हवा असलेला कोपरा मात्र अजून अस्तित्वातच नाही, आणि तिथे पोलर ट्रॅकिंग कामाला येते. F10 ने ते चालू केले की रेषा काढताना कर्सर ठरलेल्या कोनांच्या जवळ आला, की त्या दिशेने एक ठिपक्यांची रेघ उमटते आणि कर्सर तिला चिकटतो. सुरुवातीला ही दिशा फक्त ९० अंशांच्या पटीत असते. आपल्या प्लेटसाठी वाढीचा कोन ३० करून घ्यायचा, म्हणजे ०, ३०, ६०, ९०, १२०, १५० अशा सर्व दिशा मिळतात. ४५ अंश मात्र ३० च्या पटीत येत नाही. तो हवा असेल तर अतिरिक्त कोन म्हणून वेगळा नोंदवावा लागतो, आणि असा नोंदवलेला कोन तेवढाच धरला जातो, त्याच्या पटी धरल्या जात नाहीत. F8 चा ऑर्थो आणि पोलर एकाच वेळी चालू राहू शकत नाहीत, एक लावला की दुसरा आपोआप बंद होतो. पोलरची रेघ अचानक दिसेनाशी झाली तर बहुतेक वेळा चुकून F8 दाबले गेलेले असते.

तिसरी गोष्ट म्हणजे F11 ने चालू होणारे ऑब्जेक्ट स्नॅप ट्रॅकिंग. यात एखाद्या आधीच्या बिंदूवर कर्सर क्षणभर थांबवायचा, क्लिक करायचे नाही. तिथे अधिकाचे बारीक चिन्ह उमटले की तो बिंदू लक्षात ठेवला गेला. आता कर्सर दूर नेला तरी त्या बिंदूच्या रेषेत येताच ठिपक्यांची रेघ दिसते. क्लिक न करता नुसते थांबणे नव्या माणसाला जड जाते. बोट सवयीने दाबले जाते आणि रेषा नको तिथे जाऊन पडते. चुकीचा बिंदू लक्षात ठेवला गेला असेल तर त्याच बिंदूवर पुन्हा कर्सर थांबवावा, चिन्ह निघून जाते.

आता प्लेट काढू. `LINE` आज्ञा द्यायची आणि डावीकडच्या वरच्या माथ्यासाठी मोकळ्या जागी कुठेही क्लिक करायचे, कारण प्लेट कागदावर कुठे आहे याला अर्थ नाही. कर्सर सरळ खाली न्यायचा, ठिपक्यांची रेघ दिसली की `120` टाइप करून एंटर. मग उजवीकडे नेऊन `180`, वर नेऊन `40`. इथपर्यंत टाइप केलेले तिन्ही आकडे कागदावर लिहिलेलेच आहेत. आता तिरकी कड. कर्सर पहिल्या माथ्यावर नेऊन थांबवायचा, अधिकाचे चिन्ह उमटू द्यायचे, आणि मग कर्सर उजवीकडे, तिरकी कड जिथे संपायला हवी त्या अंदाजाने सरकवायचा. त्या ठिकाणी एकाच वेळी दोन ठिपक्यांच्या रेघा दिसतात. एक उजव्या कडेच्या टोकापासून १५० अंशांवर निघालेली, दुसरी माथ्यापासून आडवी आलेली. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे बारीक फुली दिसते आणि कर्सरशेजारच्या चिठ्ठीत दोन्ही कोन वाचता येतात. तिथे क्लिक करायचे आणि शेवटी `C` देऊन आकृती बंद करायची. ४१.४३६ हा आकडा आपण कुठेही लिहिला नाही, तरी वरची कड तेवढीच येते आणि तीही सगळ्या दशांशांसह. कोन १५० का, असे विचारले जाते. कोन उजव्या आडव्या दिशेपासून उलट्या घड्याळाच्या दिशेने मोजला जातो. ही कड डावीकडे वर जाते, त्यामुळे १८० मधून ३० वजा होतात.

भोके दोन आहेत. पहिले १४ मिलिमीटर व्यासाचे, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून ३० उजवीकडे आणि ३० वर. कोपऱ्यापासून दोन दिशांनी सरकायचे असल्यामुळे एका ट्रॅकिंग रेघेने भागत नाही, म्हणून `FROM` वापरावे:

```
CIRCLE
FROM
END
@30,30
7
```

`END` नंतर कोपऱ्यावर क्लिक करायचे, तिथून ३० आणि ३० सरकायचे, आणि शेवटी त्रिज्या ७ द्यायची. इथे `@` हे चिन्ह विसरता कामा नये. ते नसेल तर ३०,३० हे कोपऱ्यापासूनचे अंतर न धरता ड्रॉइंगच्या मूळ बिंदूपासूनचे निर्देशांक धरले जातात आणि वर्तुळ भलतीकडेच पडते.

दुसरे भोक तिरक्या कडेच्या मध्यापासून तिला काटकोनात २५ मिलिमीटर आत आहे. हे मला विशेष आवडते, कारण हाताने गणित केले तर साइन आणि कोसाइन दोन्ही लागतील. `CIRCLE` द्यायचे, तिरक्या कडेच्या मध्यावर त्रिकोण दिसेपर्यंत थांबायचे, चिन्ह उमटले की कर्सर आत, डावीकडे खाली न्यायचा. १५० मध्ये ९० मिळवले की २४० अंश, आणि तो ३० च्या पटीतला आहे, म्हणून ठिपक्यांची रेघ तिथे मिळते. `25` टाइप करून एंटर, मग त्रिज्या. परंतु एक अट आहे. ऑब्जेक्ट स्नॅप ट्रॅकिंग सुरुवातीला फक्त आडव्या आणि उभ्या दिशेत चालते. ते सर्व पोलर कोनांत चालावे यासाठी पोलर ट्रॅकिंगच्या चौकटीत `Track using all polar angle settings` हा पर्याय निवडावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण इथे अडतात आणि संगणक बिघडला असे समजतात, प्रत्यक्षात निवडीचा ठिपका चुकीच्या ओळीवर असतो. कड जर ३० ऐवजी ३७ अंशांची असती, तर काटकोनाची दिशा १४३ अधिक ९० म्हणजे २३३ अंश झाली असती. ती अतिरिक्त कोन म्हणून एकदा नोंदवून ठेवावी.

अंतर टाइप करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे आकडा कुठून मोजला जातो. कर्सर साध्या पोलर रेघेवर असेल तर शेवटच्या क्लिकपासून मोजला जातो. कर्सर लक्षात ठेवलेल्या बिंदूच्या ट्रॅकिंग रेघेवर असेल तर त्या बिंदूपासून मोजला जातो. दोन्ही रेघा पडद्यावर सारख्याच दिसतात, फरक चिठ्ठीत वाचायला मिळतो. आणि ठिपक्यांची रेघच दिसत नसताना आकडा टाकला, तर रेषा कर्सर ज्या दिशेला असेल त्या दिशेने जाते. पोलर बंद असताना हात फक्त ०.३ अंशाने वर राहिला, तर १८० मिलिमीटरच्या "आडव्या" रेषेचे दुसरे टोक ०.९४ मिलिमीटर वर जाते. पूर्ण प्लेट पडद्यावर दिसत असताना हा तिरकेपणा डोळ्यांतून सहज निसटतो.

याहून अधिक त्रास नीअरेस्ट हा स्नॅप देतो. तो रेषेवरचा कर्सरला सर्वांत जवळचा बिंदू पकडतो. तो कायम चालू राहिला तर कोपऱ्याच्या शेजारी कुठेही त्याची खूण दिसते, आणि घाईत तिला कोपऱ्याची खूण समजून क्लिक केले जाते. असे माझ्या एका ड्रॉइंगमध्ये झाले होते. प्लेट लेझर कटिंगला गेली आणि तिथून निरोप आला की बाह्यरेषा उघडी आहे, प्रोग्रॅम तिला कापायची आकृती म्हणून घेत नाही. पडद्यावर तर कोपरा व्यवस्थित मिळालेला दिसत होता. बराच मोठा करून पाहिल्यावर ०.०३ मिलिमीटरची फट सापडली. कापणाऱ्या यंत्राला फट किती लहान आहे याच्याशी कर्तव्य नसते. बंद आकृती हवी, एवढेच त्याला कळते. तेव्हापासून नीअरेस्ट मी कायम चालू असणाऱ्या यादीत ठेवत नाही.

दुसरी फसगत झूममुळे होते. स्नॅपची पकड मिलिमीटरमध्ये नसते, पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये असते. पाव मिलिमीटरला एक पिक्सेल या हिशेबाने पकड दहा पिक्सेलांची असेल, तर ती प्लेटवर अडीच मिलिमीटर व्यापते. एखाद्या कोपऱ्याला २ मिलिमीटरचा चॅम्फर असेल तर तिथली दोन्ही टोके त्या पकडीत येतात, चौकोनी खूण तर दिसते, पण ती कोणत्या टोकाची आहे हे कळत नाही. अशा वेळी आज्ञा चालू असतानाच माउसचे चाक फिरवून जवळ जावे. जवळ जाणे शक्य नसेल तर टॅब कळ दाबत राहावी, म्हणजे पकडीतले बिंदू एकेक करून पुढे येतात आणि तो बिंदू ज्या वस्तूचा आहे ती उजळते.

काढलेले बरोबर आहे का, हे तपासण्यासाठी रेषा पाहत बसणे पुरेसे नाही. पाच रेषा `PEDIT` ने एक पॉलीलाइन करून घ्याव्यात आणि `LIST` पाहावे. तिथे ती बंद असल्याची नोंद हवी, परिमिती ५४१.४३६ आणि क्षेत्रफळ १६०५७.४३७ हवे. आपल्या प्लेटची तिरकी कड नेमकी १६० येते, कारण ८० ला ३० अंशांच्या साइनने भागले की १६० मिळतात. दुसऱ्या भोकासाठी `DIST` देऊन केंद्रापासून तिरक्या कडेवर परपेंडिक्युलर स्नॅपने मोजावे, उत्तर नेमके २५ यावे. मात्र हे सगळे करण्याआधी `UNITS` मध्ये दशांश स्थाने चार किंवा जास्त ठेवावीत. ती शून्य असतील तर ४१.४३६ ही लांबी ४१ म्हणून दाखवली जाते आणि चुकीची रेषाही निर्दोष वाटते. त्या सेटिंगने बदलते ती दाखवण्याची पद्धत, साठवलेला आकडा तसाच राहतो.

पत्र्याच्या ड्रॉइंगमध्ये तिसऱ्या मितीचा प्रश्न येत नाही. जमिनीच्या सर्वेक्षणावरून प्लॉटची आखणी करणाऱ्यांना तो येतो. टोटल स्टेशनच्या प्रत्येक बिंदूला उंचीही असते, आणि स्नॅप तीही उचलतो. नकाशावर ३० मीटर दिसणाऱ्या दोन बिंदूंत ४ मीटरचा उंचीफरक असेल, तर जोडलेली रेषा ३०.२६५ मीटर लांबीची होते आणि हद्दीची मापे जुळेनाशी होतात. `OSNAPZ` या चलाची किंमत `1` केली की पकडलेल्या बिंदूची उंची बाजूला राहते आणि चालू पातळीची उंची वापरली जाते. काम संपल्यावर ती पुन्हा `0` करावी.

एक मर्यादा सांगायची राहते, आणि तीच कामाच्या वेळी सर्वांत जास्त चटका देते. स्नॅपने आकडा उचलला की तो आकडा राहतो, नाते राहत नाही. ग्राहकाने दोन दिवसांनी कळवले की खालची कड १८० ऐवजी १९० करा, तर तिरक्या कडेला ती ३० अंशांची होती याची आठवण नसते. `STRETCH` ने फक्त उजवी उभी कड १० मिलिमीटर सरकवली, तर तिरक्या कडेचे खालचे टोक सरकते, वरचे तिथेच राहते, आणि कोन ३० वरून जवळपास २८.३ अंशांवर उतरतो. चित्र ठीक दिसते, आकृती बंद असते, म्हणून `LIST` सुद्धा तक्रार करत नाही. म्हणून निवडीची चौकट उजवीकडून डावीकडे ओढताना तिरक्या कडेची दोन्ही टोके, उजवी उभी कड आणि दुसरे भोक हे सगळे आत घ्यावे, डावा माथा, डावा खालचा कोपरा आणि पहिले भोक बाहेर ठेवावे. मग तिरकी कड अख्खी १० मिलिमीटर सरकते, कोन ३० च राहतो, भोकही तिच्या मध्यापासून २५ वरच राहते, आणि वरची कड ५१.४३६ होते. ते झाले की `DIST` ने वरची कड पुन्हा मोजून मगच फाइल कटिंगला पाठवावी.